विहिरीत पाणी नेमकं किती? कालमन फिल्टर हाताने चालवून बघू

आमच्या मामांचं रान बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगाला आहे. उन्हाळ्यात कोबी आणि मिरची, आणि दोन्हीचा भार एका विहिरीवर. विहीर गोल, आठ मीटर व्यासाची, आतून दगडी पायऱ्यांची. प्रत्येक पायरी साधारण वीतभर उंच. शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच येते, तीही बऱ्याचदा रात्री. म्हणून मामा बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, किती पायऱ्या उघड्या पडल्या ते बघायचे आणि मोटर बंद करायची वेळ ठरवायचे. पाणी फूट व्हॉल्व्हच्या खाली गेलं की पंप हवा ओढतो आणि कोरडा फिरत राहिला तर सील जळतं.

मी उद्यमबागेत कंट्रोल पॅनेल बनवण्याचं काम करतो. मामांची रात्रीची फेरी वाचावी म्हणून विहिरीच्या काठावरून एक पाइप आडवा काढला आणि त्याच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून JSN-SR04T हा अल्ट्रासोनिक सेन्सर बसवला. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून तो अंतर सांगतो. सेन्सरपासून तळ ६०० सेंटिमीटर आहे, म्हणून ६०० मधून अंतर वजा केलं की पाण्याची उंची मिळते. २०० सेंटिमीटरला मोटर बंद, एवढा साधा नियम घातला.

पहिल्याच रात्री पाणी २०० च्या आसपास आलं आणि वाचन २०३, १९८, २०२, १९७ असं नाचायला लागलं. त्याबरोबर स्टार्टरची खटखट सुरू झाली. बंद करण्याची आणि पुन्हा चालू करण्याची पातळी वेगळी ठेवली की ही खटखट थांबते, आणि मी ते केलं. २०० ला बंद, २६० ला चालू. पण मधेच एखादा चुकीचा प्रतिध्वनी आला की मोटर उगाच बंद पडायची ती पडायचीच. मग शेवटच्या दहा वाचनांची सरासरी घेऊन बघितली. दर पाच मिनिटांनी एक वाचन आणि त्या वेळात पाणी ४ सेंटिमीटर उतरतं. दहा वाचनांची सरासरी म्हणजे साडेचार टप्प्यांपूर्वीची पातळी, आणि साडेचार टप्पे म्हणजे १८ सेंटिमीटर. पडद्यावर २०० दिसायचं तेव्हा विहिरीत १८२ असायचं.

मिनिटाभरात तीस वाचनं घेऊन त्यांची सरासरी का नाही, असं कोणीही विचारेल. घ्यावीत, थोडा फायदा होतो. पण एकाच मिनिटातली तीस वाचनं म्हणजे तीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्या मिनिटात उठलेल्या लाटा, पाइपवरचे थेंब, हवेची ऊब सगळ्यांना सारखीच असते आणि चूकही बहुतेक एकाच बाजूला जाते. मी दर पाच मिनिटांनी सात वाचनं घेऊन त्यातलं मधलं ठेवतो. खाली ‘वाचन’ म्हणेन ते हे.

मामांकडे दुसरा साक्षीदार आधीच होता

एकदा मी पडद्यावरचा आकडा सांगितला तर मामा लगेच म्हणाले, “तासाला दोन पायऱ्या जातात रे, मोटर लावून अर्धाच तास झालाय. तुझं यंत्र तीन पायऱ्या गेल्या म्हणतंय, ते कसं होईल?”

कालमन फिल्टरला लागणारं अर्धं ज्ञान या एका वाक्यात आहे. मामांनी विहिरीत डोकावलंसुद्धा नव्हतं. मोटर किती वेळ चालली यावरून पाणी कुठं असायला हवं ते त्यांना ठाऊक होतं. याला प्रक्रियेचं मॉडेल म्हणतात. दुसरं अर्धं ज्ञान सेन्सरचं, जो प्रत्यक्ष बघतो पण थरथरत्या हाताने लिहितो. मॉडेल गुळगुळीत चालतं पण हळूहळू भरकटतं, कारण दाब कमी असला की मोटर कमी पाणी ओढते आणि झरेही रोज सारखे नसतात. सेन्सर भरकटत नाही, पण दर वेळी इकडे तिकडे होतो. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेली पद्धत या दोघांना एकत्र बसवते आणि दर टप्प्याला ठरवते की या वेळी कोणाचं किती ऐकायचं. ते प्रमाण म्हणजे गेन. गेन ० असेल तर सगळं मॉडेलचं खरं, १ असेल तर सगळं सेन्सरचं.

आधी दोघांच्या खात्रीला आकडा द्या

सेन्सरपासून सुरुवात करू. मोटर बंद असताना, पाणी शांत असताना घेतलेली वाचनं एक सेंटिमीटरच्या आतबाहेर येतात. ती बघून फसू नका. फिल्टर वापरायचा आहे तो मोटर चालू असताना, आणि तेव्हा पाणी हलत असतं. मी मोटर चालवून तासभराची वाचनं कागदावर मांडली, त्यांच्यातून उतरती सरळ रेष काढली आणि प्रत्येक वाचन रेषेपासून किती दूर ते बघितलं. सर्वसाधारण फरक ३ सेंटिमीटर निघाला, कधी वर, कधी खाली. त्याचा वर्ग ९. हा झाला R.

वर्ग का घ्यायचा? दोन स्वतंत्र चुका एकत्र आल्या की कधी एकमेकींना मारतात, कधी वाढवतात. त्यामुळे ३ आणि १ ची चूक मिळून सरसकट ४ होत नाही. बेरीज होते ती वर्गांची. म्हणून फिल्टरचा सगळा हिशेब वर्गांत चालतो आणि शेवटी आपल्याला समजावं म्हणून वर्गमूळ काढायचं.

आता मॉडेल. पंप सेकंदाला सुमारे १० लिटर उपसतो, झरे सव्वातीन-साडेतीन लिटर भरतात. उरलेले साधारण पावणेसात लिटर विहिरीतून कमी होतात, म्हणजे पाच मिनिटांत दोन हजार लिटर. विहिरीचं तोंड ५० चौरस मीटर. दोन घनमीटर भागिले पन्नास म्हणजे ४ सेंटिमीटर. तासाला ४८, म्हणजे मामांच्या दोन पायऱ्या. मामांचा हिशेब आणि कागदावरचा हिशेब असा जुळला तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण हे ४ किती खात्रीचं? याला Q म्हणतात, आणि बहुतेक लोक तो डोळे मिटून टाकतात. तो मोजता येतो. मामांच्या गाठीच्या दोराने मी वेगवेगळ्या दिवशी तासाभराची घट मोजली. सरासरी ४८ आली आणि ती साडेतीनने इकडे तिकडे होत होती. साडेतीनचा वर्ग साधारण १२. तासात पाच मिनिटांचे टप्पे १२. म्हणून एका टप्प्याच्या वाट्याला १. Q बरोबर १. यात एक गृहीत दडलेलं आहे की प्रत्येक टप्प्याची चूक नव्याने ठरते. प्रत्यक्षात विजेचा दाब कमी असला तर तासभर कमीच असतो. तरी सुरुवातीला हा आकडा चांगला आहे, आणि तो वाईट असला तर कसं कळतं ते पुढे येईल.

आता हाताने चालवू

एक वही घ्या. दोनच आकडे सांभाळायचे आहेत. x म्हणजे पाण्याच्या उंचीचा आपला अंदाज आणि P म्हणजे त्या अंदाजाबद्दलच्या शंकेचा वर्ग.

मोटर लावायच्या आधी मी दोराने अंदाज घेतला २९०. अंधारात, घाईत, म्हणून शंका १० सेंटिमीटरची, P = १००. सेन्सरने सांगितलं ३०२. आता कोणाचं किती ऐकायचं?

```
K = P / (P + R) = 100 / 109 = 0.92
```

आपली शंका मोठी, सेन्सरची लहान, म्हणून जवळजवळ सगळं सेन्सरचं ऐकलं गेलं. फरक १२ होता. त्याचा ०.९२ हिस्सा अंदाजात मिळवला आणि x झाला ३०१. शंकाही कमी झाली. नवा P म्हणजे जुन्या P चा (१ − K) एवढा भाग, इथे ८.३.

मोटर चालू झाली. पाच मिनिटांनी, सेन्सरकडे बघायच्या आधी, मॉडेल चालवायचं. ३०१ मधून ४ गेले, २९७. न बघता पाच मिनिटं पुढे सरकलो म्हणून शंका वाढली, ८.३ अधिक १ म्हणजे ९.३. मग सेन्सर बघितला. तो म्हणाला २९४. आता K = ९.३ भागिले १८.३, म्हणजे ०.५१. दोघे जवळपास बरोबरीला आले. फरक उणे ३, त्याचा निम्मा घेतला, x झाला २९५.५. P झाला ४.६.

पुढच्या टप्प्याला अंदाज २९१.५, P ५.६. वाचन २९३. K उतरून ०.३८. दीड सेंटिमीटरच्या फरकातला सहा मिलिमीटरच मान्य झाला आणि x २९२.१ वर थांबला. P ३.४. त्यानंतर अंदाज २८८.१, वाचन २८६, K ०.३३, x २८७.४.

गेन कसा उतरत गेला बघा. ०.९२, ०.५१, ०.३८, ०.३३. सेन्सर तोच, तेवढाच थरथरणारा. बदललं एवढंच की आपल्या हातात आधीच्या वाचनांचं संचित जमलं, म्हणून नवीन वाचनाला पूर्वीइतकं डोक्यावर घ्यायची गरज उरली नाही. नव्या माणसाची ओळख होते तेव्हा पहिल्या बोलण्यावरून आपण बरंच मत बनवतो, विसाव्या भेटीत एका वाक्याने मत हलत नाही. तसंच आहे हे.

पण गेन शून्यावर जात नाही. दर टप्प्याला वाचनामुळे शंका जेवढी कमी होते तेवढीच पाच मिनिटं पुढे सरकल्यामुळे वाढते, अशा ठिकाणी तो स्थिरावतो. आपल्या आकड्यांत ते ठिकाण ०.२८. तिथे P साधारण २.५ असतो, म्हणजे शंका १.६ सेंटिमीटर. ३ सेंटिमीटरने नाचणाऱ्या सेन्सरमधून १.६ ची खात्री मिळाली, आणि सरासरीसारखं मागे राहणंही नाही, कारण उतरण मॉडेलने आधीच हिशेबात धरली आहे.

Q कशासाठी असतो ते इथे दिसतं. Q शून्य ठेवला, म्हणजे मॉडेल तंतोतंत बरोबर आहे अशी शपथ घेतली, तर शंभर वाचनांनंतर गेन ०.०१ च्या आसपास जातो. फिल्टर बहिरा होतो. पडद्यावरची रेष अतिशय देखणी दिसते आणि खऱ्या पाण्यापासून दूर दूर जाते. उलट Q १०० ठेवला तर गेन ०.९२ वर अडकतो आणि सेन्सरचा नाच जसाच्या तसा पडद्यावर येतो. माझ्या अनुभवात पहिली चूक जास्त वाईट, कारण ती चांगली दिसते.

एक चुकीचा प्रतिध्वनी

पुढच्या टप्प्याला वाचन आलं ३३१. आवाज पाण्यावर न आपटता पायरीच्या कोपऱ्यावरून परत आला होता. आपला अंदाज होता २८३.४. फरक ४७.६. त्या वेळचा गेन ०.३१ होता. तो लावला असता तर x एकदम साडेचौदा सेंटिमीटरने वर गेला असता आणि खाली यायला पुढचे अनेक टप्पे लागले असते.

इथे P चा दुसरा उपयोग होतो. फरक किती असणं साहजिक आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं. अंदाजाची शंका आणि सेन्सरची शंका मिळून P + R, इथे ४ अधिक ९ म्हणजे १३. त्याचं वर्गमूळ ३.६. फरक याच्या तिपटीच्या आत, म्हणजे साधारण ११ सेंटिमीटरच्या आत असेल तर घ्यायचा. ४७ आला तर ते वाचन दारातूनच परत पाठवायचं.

वाचन नाकारलं तरी वेळ पुढे गेलेलाच असतो. त्यामुळे P वाढत राहतो. पुढच्या टप्प्याला तो ५ झाला आणि गेन ०.३१ वरून ०.३६ वर चढला. एक भेट चुकली म्हणून पुढच्या भेटीत जरा जास्त लक्ष देऊन ऐकणं झालं हे. वाचन २७८ आलं, अंदाज २७९.४ होता, x २७८.९ झाला आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

गेन कशाकडे बघतो आणि कशाकडे बघत नाही

हे मला नीट समजायला एक सकाळ वाया घालवावी लागली.

वर गेनचे जे आकडे आले, ०.९२ पासून ०.३३ पर्यंत, ते काढताना ३०२, २९४, २९३ यांतलं एकही वाचन लागलं नव्हतं. पुन्हा बघा. K फक्त P, Q आणि R वरून निघाला. वाचनं दुसरी आली असती तरी K हेच राहिले असते. एखादं वाचन नाकारलं तर P वाढतो एवढंच. म्हणजे गेन जुळवून घेतो हे खरं, पण तो जुळवून घेतो आपण त्याला सांगितलेल्या खात्रीशी. विहिरीत प्रत्यक्ष काय घडतंय हे साधा कालमन फिल्टर गेन ठरवताना बघतच नाही.

त्या पहाटे मोटर चालू असताना वीज गेली. पाणी २६० वर होतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये उतरण कायमची ४ लिहिलेली, कारण मोटर बंद असताना काय, हा विचारच मी केला नव्हता. मोटर थांबली आणि झऱ्यांनी पाणी पाच मिनिटांना २ सेंटिमीटर वर यायला लागलं. मॉडेल मात्र दर वेळी ४ वजा करत होतं. दर टप्प्याला ६ ची तफावत.

पहिल्या टप्प्याला फरक ६ आला, फिल्टरने त्याचा पाव-एक हिस्सा घेतला. दुसऱ्याला फरक दहाच्या थोडा वर, कसाबसा आत गेला. तिसऱ्याला तेराच्या वर. दार अकराच्या आतबाहेर लावलेलं. वाचन नाकारलं. चौथ्याला एकोणीसच्या वर, नाकारलं. त्यानंतर सेन्सर ओरडून खरं सांगत होता आणि फिल्टर प्रत्येक वेळी त्याला खोटं ठरवून शांतपणे ४ वजा करत होता. दार P बरोबर हळूहळू रुंदावत होतं, पण तफावत त्याच्याहून भराभर वाढत होती. ऐंशी मिनिटांत पडद्यावर २०० आलं आणि ‘पाणी संपलं’ अशी खूण लागली. विहिरीत तेव्हा २९० च्या वर पाणी होतं. वीज परत आली तरी मोटर सुरू होईना, आणि कोबीची त्या दिवशीची पाळी हुकली.

मामांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “वीज गेल्यावर पाणी उतरंल कसं? हे तुझ्या यंत्राला कोण सांगणार होतं?”

त्यातून दोन दुरुस्त्या निघाल्या. पहिली म्हणजे मॉडेलला मोटरची खबर देणं. स्टार्टरच्या आउटपुटवर एक रिले जोडला. मोटर चालू तर उणे ४, बंद तर अधिक २. आपल्याला जे नक्की माहीत आहे ते Q वाढवून झाकायचं नाही, मॉडेलमध्ये सरळ लिहायचं. दुसरी, दाराला पहारेकरी. एखादं वाचन नाकारलं तर दोष वाचनाचा असू शकतो. ओळीने तीन नाकारली गेली तर दोष बहुतेक आपल्याच अंदाजाचा असतो. अशा वेळी P मोठा करून टाकायचा. मी तो ४०० करतो, म्हणजे ‘मला वीस सेंटिमीटरपर्यंत काही खात्री नाही’ असं फिल्टर कबूल करतो. दार साठ सेंटिमीटरपर्यंत उघडतं, गेन ०.९८ होतो आणि पुढच्या एका वाचनात तो जमिनीवर येतो.

सगळं मिळून एवढंच:

```python
x, P = 290.0, 100.0
Q, R = 1.0, 9.0
miss = 0

def step(z, motor_on):
    global x, P, miss
    x += -4.0 if motor_on else 2.0
    P += Q
    y = z - x
    S = P + R
    if y * y > 9 * S:
        miss += 1
        if miss >= 3:
            P, miss = 400.0, 0
        return x
    miss = 0
    K = P / S
    x += K * y
    P *= (1 - K)
    return x
```

तिपटीची तुलना करायला वर्गमूळ काढलेलं नाही. दोन्ही बाजूंचे वर्ग घेतले की ३ चा ९ होतो. पहिलं वाचन मोटर लावायच्या आधीचं असेल तर त्या वेळी उतरण-चढण शून्य धरा. विहीर भरत आली की झरे मंदावतात, म्हणून अधिक २ हा आकडाही कायम टिकत नाही. माझ्याकडे ३०० च्या वर तो शून्य धरतो.

फिल्टर खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं

पडद्यावरच्या गुळगुळीत रेषेवरून काही कळत नाही. बघायचा तो y, म्हणजे वाचन आणि अंदाज यांतला फरक, दुरुस्ती करण्याआधीचा. मी तो रोज एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि आठवड्यातून एकदा दोन गोष्टी बघतो.

एक, त्याची चिन्हं. मॉडेल बरोबर असेल तर अधिक आणि उणे मिसळून येतात, नाणं उडवल्यासारखे. ओळीने आठ-दहा वेळा एकच चिन्ह आलं तर मॉडेल एका बाजूला ओढतंय. माझ्याकडे दोन तासांच्या उपशात शेवटच्या अर्ध्या तासात कायम अधिक चिन्हं यायची. कारण शोधलं तर पाणी खाली गेलं की झरे जोराने वाहतात, म्हणून उतरण ४ ऐवजी साडेतीन होते. पाणी २४० च्या खाली गेलं की साडेतीन वापरायचं असं ठरवल्यावर चिन्हं पुन्हा मिसळली. कोणाला हे हाताने करायचं नसेल तर उतरणीचा वेगसुद्धा अंदाजाचा भाग करता येतो. मग x च्या जागी दोन आकड्यांची जोडी येते आणि P चं २ बाय २ चं कोष्टक होतं. तत्त्व हेच राहतं. पण एका विहिरीसाठी मला ते लागलं नाही, आणि आधी एका आकड्यावर हात बसलेला बरा.

दोन, आकार. y चा वर्ग भागिले S, याची बऱ्याच वाचनांवरची सरासरी १ च्या आसपास यायला हवी. ३ आली तर आपण स्वतःबद्दल फाजील खात्री बाळगली आहे, Q किंवा R कमी लिहिला आहे. पाव आली तर उगाच घाबरलो आहोत, आणि चांगल्या सेन्सरचं पुरेसं ऐकत नाही. दोघांपैकी कोणता आकडा बदलायचा? शेजारशेजारचे y सारख्या चिन्हाचे असतील तर Q कमी पडतोय. चिन्हं मिसळलेली आहेत पण आकार मोठा आहे तर R. नाकारलेली वाचनं या सरासरीतून वगळू नका, नाहीतर माझ्या त्या पहाटेसारखी बिघडलेली पहाटसुद्धा आकड्यांत साजरी दिसेल.

जे फिल्टर कधीच पकडू शकत नाही

वरच्या दोन्ही चाचण्या उत्तम आल्या तरी उत्तर चुकीचं असू शकतं. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि हवा एका अंशाने गार झाली की सुमारे ०.६ मीटरने कमी होतो. प्रोग्रॅममध्ये ३४३ लिहिलेलं असेल आणि हिवाळ्याच्या रात्री विहिरीतली हवा १० अंशांवर असेल तर वेग पावणेदोन टक्क्यांनी कमी भरतो. तीन मीटरच्या अंतरावर ती पाच सेंटिमीटरची चूक आहे. सेन्सर पाणी पाच सेंटिमीटर खाली दाखवणार, प्रत्येक वाचनात, त्याच बाजूला.

ही थरथर नव्हे, म्हणून R मध्ये ती बसत नाही. मॉडेल तर फक्त किती उतरलं ते सांगतं, मुळात किती होतं ते सांगत नाही. मग फिल्टर काही टप्प्यांत त्या चुकीच्या पातळीवर जाऊन बसतो, चिन्हं छान मिसळतात, सरासरी १ येते आणि पडदा १.६ सेंटिमीटरची खात्री देतो. दोन साक्षीदारांपैकी मुळातल्या पातळीबद्दल बोलणारा एकच असेल आणि त्याचीच पट्टी आखूड असेल, तर कितीही ऐकून उपयोग नाही. सेन्सरशेजारी तापमान मोजणारा छोटा सेन्सर लावून वेग दर वेळी हिशेबात घेतला की यातली बरीच चूक जाते. उरते ती पाइप वाकल्याची, सेन्सर तिरका झाल्याची.

त्यासाठी मामांचा गाठीचा दोर अजून खुंटीला आहे. दर पंधरा दिवसांनी, मोटर लावायच्या आधी, पाणी शांत असताना, मामा पायरीवर उभे राहून दोर सोडतात आणि ओली गाठ मोजतात. मी पडद्यावरचा आकडा वाचतो. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर प्रोग्रॅममधले ६०० तेवढ्याने बदलतो आणि P पुन्हा १०० वर नेतो. मागच्या खेपेला ते ५९७ झालं.